केळीच्या भावाचं चॅनेल: नावाची लिंक की आमंत्रणाची?

भाऊ, रावेर-यावलचे रोजचे केळीचे भाव टेलिग्रामवर टाकणार असशील, तर चॅनेल सार्वजनिकच ठेव. `t.me/` आणि पुढे तू निवडलेलं नाव, अशी लिंक बोर्डावर लिहिता येते, फोनवर तोंडी सांगता येते. शोधातही ते नाव सापडतं, आणि सामील न होताही शेतकरी आजचा भाव वाचू शकतो.

खाजगी लिंक `t.me/+` नंतर अगम्य अक्षरांची असते. ती तोंडी सांगणं अशक्य. पण ठरावीक सभासदांपुरती माहिती असेल तर तीच बरी. तिला मुदत घालता येते, किती जण येतील ते ठरवता येतं, किंवा प्रत्येकाची विनंती तपासून प्रवेश देता येतो. मात्र लिंक फुटली म्हणून रद्द केलीस, तरी आधीच आत शिरलेले आतच राहतात. त्यांना एकेक करून काढावं लागतं.

माझी चूक सांगतो. आमचं चॅनेल सार्वजनिक होतं, नाव भाव-पावत्यांवर छापलेलं. मध्येच ते खाजगी केलं. जुने सभासद राहिले, म्हणून काही बिघडलंय हे कळलंच नाही. पण नवीन माणूस येणं थांबलं, कारण पावतीवरची लिंक मेली होती. शिवाय सोडलेलं नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो, आणि आपल्या पावत्या त्याच्याकडे माणसं पाठवतात.

म्हणून व्यापाऱ्यांच्या आतल्या गोष्टींसाठी वेगळं खाजगी चॅनेल काढ. भावाच्या चॅनेलचं नाव छापलंस की त्याला हात लावू नकोस.