मतदार जागृतीच्या पथनाट्यातला नकळत आलेला कल कसा काढावा

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या, म्हणजे रासेयोच्या गटाकडे मतदार जागृतीचे जुने पथनाट्य आहे. मागच्या वेळी गावात सादर केले तेव्हा 'हे तर अमक्या पक्षाचे आहे' असे लोक म्हणाले. आम्ही एकाही पक्षाचे नाव घेतले नव्हते. मतदान कसे करायचे तेवढेच सांगणारी संहिता नव्याने कशी लिहावी? (जि. परभणी)

उत्तर :

नाव न घेताही पक्ष सांगितला जातो, आणि पुष्कळदा लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. मी लातूर जिल्ह्यात शिक्षक आहे. निवडणुकीत केंद्राध्यक्ष म्हणून काम केले आहे, आणि मतदार जागृतीचे काम पाहणाऱ्या तालुक्याच्या स्वीप कक्षाकडे येणाऱ्या पथनाट्यांच्या संहिता वाचून पाहण्याचे कामही माझ्याकडे येते. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या जुन्या संहितेत दोष बहुधा तीन जागी असेल : सुरुवातीच्या गाण्यात, 'मतदान का करायचे' या प्रसंगात आणि बटण दाबून दाखवण्याच्या प्रात्यक्षिकात.

आधी गाणे पाहू. आपल्याकडची पथनाट्ये वासुदेवाने किंवा गोंधळ्याने सुरू होतात आणि त्याच्या तोंडी हमखास अशा ओळी असतात : 'लोकशाहीची मशाल पेटवा, मतदानाची तुतारी फुंका, घड्याळ पाहून वेळेवर निघा, हातात हात घालून चला.' मराठी म्हणून यात काहीही वावगे नाही. पण 2024 च्या विधानसभा निवडणुकीत मशाल, तुतारी वाजवणारा माणूस, घड्याळ आणि हात ही चारही चिन्हे आपल्या राज्यातल्या मतदान यंत्रांवर होती. चार चिन्हे आली म्हणून समतोल साधला, असेही होत नाही, कारण त्या गावात ज्या चिन्हाचा उमेदवार उभा आहे तेवढेच चिन्ह लोकांच्या कानात राहते. रांगोळीत काढलेले कमळ आणि भिंतीवर रंगवलेला उघडा पंजा यांचेही तसेच. शाई लावलेले बोट दाखवताना डाव्या हाताची तर्जनी तेवढी वर ठेवून बाकीची बोटे मिटून घ्यावीत. पाची बोटे उघडी ठेवून हात वर केला की शाई बाजूला राहते आणि लोकांना चिन्ह दिसते.

मोठ्या पक्षांची चिन्हे सगळ्यांना ठाऊक असतात, त्यामुळे ती तरी सापडतात. अपक्षांची चिन्हे मात्र हातून निसटतात. आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीत बादली, खाट, शिट्टी, गॅस सिलिंडर अशा घरातल्या आणि बाजारातल्या कितीतरी वस्तू आहेत, आणि तुमच्या मतदारसंघात त्यांपैकी कोणती कोणाला मिळाली हे अर्ज माघारी घेण्याची मुदत संपेपर्यंत ठरत नाही. म्हणून संहिता दोनदा तपासावी लागते. एकदा लिहून झाल्यावर, आणि दुसऱ्यांदा निवडणूक लढवणाऱ्या उमेदवारांची अंतिम यादी, म्हणजे नमुना 7-अ, प्रसिद्ध झाल्यावर. ती यादी समोर ठेवून संहितेतला प्रत्येक शब्द आणि मंचावरची प्रत्येक वस्तू ताडून पाहावी. वासुदेव शिट्टी वाजवत येत असेल आणि यादीत शिट्टी निघाली, तर त्या दिवसापासून त्याच्या हाती चिपळ्या द्याव्यात.

खरी अडचण दुसऱ्या प्रसंगात असते, कारण तिथे चिन्ह नसते, मत असते. मराठवाड्यातल्या संहितांमध्ये पाणी येतेच. एखादी बाई रिकामी घागर घेऊन येते, टँकर चार दिवसांपासून आलेला नाही असे सांगते आणि सूत्रधार म्हणतो, 'म्हणून मतदान करा, बदल घडवा.' लिहिणाऱ्याला वाटते आपण गावाचे दुखणे मांडले. ऐकणाऱ्याला मात्र सत्तेवर असलेल्यांना पाडा असे ऐकू येते. याच्या उलट घरकुल मिळाले, बहिणीच्या खात्यात पैसे आले, रस्ता झाला असे सांगून 'विकासाला साथ द्या' म्हटले, तर तो सत्तेवर असलेल्यांचा प्रचार होतो. दोन्ही बाजू समान घालाव्यात असा एक उपाय सुचवला जातो, पण तो मला पटत नाही. त्याने पथनाट्याची वादसभा होते आणि घागरवाल्या बाईचा अभिनय चांगला झाला तर तोलही जातो. त्यापेक्षा योजना, समस्या, आरक्षण, पीकविमा, कर्जमाफी हे विषय या संहितेतून पूर्णपणे काढावेत. ते लहान आहेत म्हणून नव्हे. त्यांवर बोलणे हे उमेदवारांचे आणि मतदारांचे काम आहे.

निरुपद्रवी दिसणारी दोन वाक्येही मी नेहमी काढायला सांगतो. 'मत वाया घालवू नका' याचा गावातला अर्थ 'जो निवडून येणार आहे त्यालाच द्या' असा होतो, आणि त्यात लहान पक्ष, अपक्ष व नोटा, म्हणजे कोणालाच मत न देण्याचा पर्याय, हे तिन्ही डावलले जातात. 'शिकलेला उमेदवार निवडा' हे वाक्य ज्या मतदारसंघात एकच उमेदवार पदवीधर आहे तिथे त्याचे नाव घेतल्यासारखेच असते. पैसे किंवा वस्तू घेऊन मत देणे हा गुन्हा आहे, हे मात्र ठेवावे. फक्त 'पैसे घ्या, पण मत मनाप्रमाणे द्या' हा टाळ्या मिळवणारा विनोद नको. घेणेही गुन्हाच आहे.

मग प्रसंगात उरते काय, असे तुम्ही विचाराल. मतदानाला जाण्यापासून माणसाला प्रत्यक्षात काय अडवते ते उरते, आणि ते पुरेसे आहे. आपल्या भागात ऊसतोडीला गेलेले कुटुंब हे त्याचे चांगले उदाहरण आहे. 2024 च्या विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला, म्हणजे गाळपाच्या हंगामाच्या तोंडावर होते. नाव ज्या गावच्या यादीत आहे तिथेच मत देता येते, कारखान्याच्या तळावर ते देता येत नाही, आणि मतदान ओळखपत्र गावी राहिले असेल तर आधार कार्ड, रोजगार हमीचे जॉब कार्ड किंवा छायाचित्र असलेले बँकेचे पासबुक यांसारखा आयोगाने मान्य केलेला पुरावाही चालतो, हे सांगणारा मुकादम आणि मजूर यांचा संवाद लिहा. घरी येणारी मतदार माहिती चिठ्ठी नुसती दाखवून चालत नाही, हेही त्याच संवादात येऊ द्या. पुष्कळ लोक तेवढी चिठ्ठी घेऊन येतात आणि त्यांना परत घरी जावे लागते.

आता प्रात्यक्षिक. पुठ्ठ्याच्या यंत्रावर खरी नावे व चिन्हे नसतात हे तुम्ही पाळलेच असेल. पण आंबा, विहीर, बैलगाडी अशी काल्पनिक म्हणून घेतलेली चिन्हेही वर सांगितलेल्या कारणाने नकोत. 'उमेदवार क', 'उमेदवार ख' अशी नावे आणि त्यांच्यापुढे वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढे पुरते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की नट कोणते बटण दाबतो? सवयीने तो पहिलेच दाबतो, आणि दहा गावांत दहा वेळा पहिले बटण दाबलेले पाहिले की पहिल्या क्रमांकाचा उमेदवार मनात ठसतो. मी हा प्रसंग असा बदलून घेतला आहे :

नात : आजी, पहिले साहेब यादीत तुझं नाव बघतील आणि ओळखपत्र तपासतील. दुसरे बोटाला शाई लावून सही नाहीतर अंगठा घेतील आणि चिठ्ठी देतील. तिसरे ती चिठ्ठी घेऊन यंत्र चालू करतील.
आजी : आणि मग तू सांगशील ते बटन दाबायचं?
नात : नाही. मी तर आडोशाच्या बाहेर असणार. तुला ज्याला द्यायचंय त्याच्या समोरचं निळं बटण तू दाबायचंस. लाल दिवा लागंल. शेजारच्या यंत्राच्या काचेतून एक चिठ्ठी दिसंल, तिच्यावर अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असंल. सात सेकंदांनी ती खाली पेटीत पडंल.
आजी : ती घरी आणायची का?
नात : नाही, ती पेटीतच राहते. लांब आवाज आला की तुझं मत झालं.

यानंतर आजी पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाते, बाहेर फक्त आवाज ऐकू येतो, आणि ती हसत बाहेर येते. तिने काय दाबले हे प्रेक्षकांनाच काय, नातीलाही कळत नाही. गुप्ततेवर वेगळे भाषण लिहावे लागत नाही.

या प्रसंगात नोटाचा उल्लेख एकदाच, माहिती म्हणून यावा : उमेदवारांची नावे संपल्यावर शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण असते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानंतर ते आले, एवढी माहिती तुमच्या गटाला असावी. मंचावर त्याची गरज नाही. नोटा म्हणजे धडा शिकवणे असेही म्हणू नका आणि नोटा म्हणजे फुकट गेलेले मत असेही म्हणू नका. एका मतदान युनिटवर नोटा धरून सोळाच बटणे मावतात, त्यामुळे बीडसारख्या उमेदवारांची मोठी गर्दी होणाऱ्या मतदारसंघात एकाशेजारी एक युनिटे मांडलेली असतात आणि नोटा शेवटच्या युनिटवर असते. तुमच्या मतदारसंघात किती युनिटे असतील ते अंतिम यादीवरून पाहा आणि पुठ्ठ्याचीही तितकीच करा, नाहीतर खोलीत गेल्यावर माणूस गोंधळतो.

यंत्रावरच्या संशयाबद्दल गावात कोणी ना कोणी विचारतेच. तो सध्या पक्षापक्षांतला वाद आहे, म्हणून यंत्राची वकिलीही करू नये आणि थट्टाही करू नये. चिठ्ठीवर वेगळेच नाव दिसले असे वाटले तर तिथेच केंद्राध्यक्षांना सांगावे, ते लेखी निवेदन घेऊन नियमानुसार चाचणी मत घेतात आणि निवेदन खोटे ठरले तर कारवाई होते, इतके उत्तर नटांना पाठ असू द्या.

ही सगळी रीत लोकसभा आणि विधानसभेची आहे. जिल्हा परिषद, नगरपालिका, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तिथे एका मतदाराला एकाहून अधिक मते द्यावी लागू शकतात, त्यामुळे तीच संहिता तिकडे जशीच्या तशी वापरू नका.

लिहून झाल्यावर संहिता तुमच्या प्राध्यापकांना दाखवालच, पण त्याआधी गावातल्या दोन वेगळ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांना स्वतंत्रपणे वाचून दाखवा आणि 'यात दुसऱ्या पक्षाचा फायदा कुठे दिसतो' एवढेच विचारा. चांगले काय वाटले ते विचारू नका. दोघे ज्या ओळीवर बोट ठेवतील ती वाद न घालता काढा. मग ती संहिता आणि सादरीकरणाच्या गावांची यादी तालुक्याच्या स्वीप कक्षात देऊन लेखी परवानगी घ्या.

आणि शेवटच्या आभाराच्या ओळी विसरू नका. आपल्याकडे शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष बहुधा कोणत्या ना कोणत्या पक्षाचे असतात, कधी तर स्वतःच उमेदवार असतात. संहिता कितीही निर्मळ असली तरी फलकावर 'माननीय अमुक यांच्या प्रेरणेने' असे आले की लोक तेवढेच वाचतात. फलकावर महाविद्यालयाचे नाव, रासेयो आणि मतदार साहाय्य क्रमांक 1950 एवढेच ठेवावे, आणि हे अध्यक्षांना तुम्ही विद्यार्थ्यांनी न सांगता प्राचार्यांकरवी कळवावे.