मुळाक्षरांच्या व्हिडिओसाठी शब्द आणि कृती कशी निवडावी?

प्रश्न: अडीच वर्षांच्या मुलीसाठी मुळाक्षरांचा ॲनिमेटेड व्हिडिओ घरीच बनवतोय. प्रत्येक अक्षराला ओळखीची वस्तू आणि पुन्हा पुन्हा होणारी एक कृती द्यायची आहे. शब्द आणि कृती कशी निवडू?

उत्तर:

मी कोल्हापुरात बालवाडीत शिकवते. माझा भाचा ॲनिमेशन करतो. आम्ही दोघांनी मिळून असाच व्हिडिओ केला आणि ‘ग’ हे एकच अक्षर तीनदा केलं. तेच सांगते, कारण बाकीच्या अक्षरांचं उत्तरही त्यातच आहे.

पहिल्यांदा आम्ही ‘ग’ला गूळ घेतला. कोल्हापूरचं पोर गूळ ओळखणारच! पण मुलं अक्षराकडे बोट दाखवून ‘गू’ म्हणायला लागली. चूक त्यांची नव्हती. गूळ ऐकताना कानावर पहिल्यांदा ‘गू’च पडतो आणि पडद्यावर मात्र उकार नसलेला ‘ग’ असतो. तेव्हापासून व्यंजनाला काना, मात्रा, वेलांटी, उकार काहीही न लागता सुरू होणारा शब्दच घ्यायचा, असं ठरवलं: घर, नळ, डबा, बदक, ससा, फणस, ढग, तवा. ‘क’ला काकडी नको, कप चालेल.

मग गवत घेतलं आणि ते चघळणारी म्हैस काढली. म्हशीचा जबडा भाच्याने फार सुरेख हलवला होता. मुलांना विचारलं, ‘हे काय?’ सगळी म्हणाली, ‘म्हैस!’ लहान मुलाची नजर हलणाऱ्या गोष्टीवर जाते आणि शब्दही तिलाच चिकटतो. शेवटी म्हैस काढून टाकली, नुसतं गवत वाऱ्यावर डावी-उजवीकडे डोलवलं. आता मुलं दोन्ही हात वर करून डोलतात आणि ‘गवत’ म्हणतात. म्हणजे ज्या वस्तूचं नाव घेताय, तीच हलली पाहिजे. अक्षर मात्र अजिबात हलवू नका. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात फरक इतका बारीक आहे की अक्षर नाचायला, फिरायला लागलं की तो दिसतच नाही.

‘न’चा प्रसंग कसा बांधला ते सांगते. साधारण 20 सेकंदांचा आहे. आधी काळ्या पडद्यावर फक्त आवाज: ‘न’. मग स्थिर अक्षर, शेजारी नळ. ‘न… नळ. फिरव, फिरव.’ नळाची मूठ फिरते, पाणी पडतं. ही फेरी तीनदा, मग तीन सेकंद कुणीच बोलत नाही, फक्त मूठ फिरत राहते. मुलं मनगट फिरवतात ती याच शांततेत. सुरुवातीला आम्ही तिथे संगीत भरलं होतं, तेव्हा ती नुसती बघत बसायची. कृती बसल्या जागी जमणारी असावी. उडी मारायची कृती दिली की मूल पडद्याकडे पाठ करून पळतं.

मुठीच्या एका फेरीला आम्ही 30 चित्रं ठेवली. 25 चित्रांना एक सेकंद धरला तर फेरी सव्वा सेकंदाच्या आत होते. पहिलं आणि तिसावं चित्र हुबेहूब एकच काढलं की जोडाच्या जागी मूठ क्षणभर अडकल्यासारखी दिसते. तिसावं चित्र पहिल्याच्या एक पाऊल आधीचं असायला हवं.

‘च’ नीट बोलून बघा. ‘चहा’तला आणि ‘चटणी’तला च वेगळा आहे. अक्षराचं नाव आपण चहातल्या च-सारखं घेतो, म्हणून पहिल्या व्हिडिओत चहा घ्या आणि कपावर फुंकर मारायची कृती द्या. चटणीतला च सहा-आठ महिन्यांनी आला तरी चालेल. ‘ज’ आणि ‘झ’लाही हेच लागू आहे: जहाजातला ज वेगळा, जाळ्यातला वेगळा.

‘ण’ आणि ‘ळ’ने सुरू होणारा शब्द मिळणार नाही, तेव्हा ओढूनताणून आणू नका. बाण आणि बाळ घ्या. तिथे आधी पूर्ण शब्द ऐकवा, मग ‘बा’ फिकट करा आणि शेवटचं अक्षर तेवढं ठळक ठेवा. बाळ पाळण्यात झुलतं ठेवलंत तर पाळणा अगदी साधा काढा, नाहीतर मुलं ‘पाळणा’ म्हणतील.

तयार झाल्यावर आवाज बंद करून मुलीला दाखवा आणि प्रत्येक वस्तूला ‘हे काय?’ विचारा. ती दुसरंच नाव घेईल तिथे चित्र बदला, तिला दुरुस्त करत बसू नका. आणि ‘ल’ व ‘श’ एकदा डोळ्यांनी तपासा. पुष्कळ फॉन्टमध्ये ही दोन अक्षरं हिंदी वळणाची येतात आणि पाटीवर आजी गिरवून देते ती वेगळी असतात.