जीन्सचा जाड जोड आणि मोडणारी सुई

गणपतीला चाकरमानी गावी आले की घरातल्या मशीनवर एखादी तरी जीन्स येऊन पडतेच. 'तेवढी आखूड करून दे.' मोहरीला मुडप घालताना बाकी टीप सुरेख जाते आणि आतल्या शिवणीशी पोचलं की कडकन सुई तुटते. शिवणवर्गात आणि पत्रांतून हीच तक्रार इतक्यांदा आली आहे की यावेळी सगळी उत्तरं त्याच जोडाबद्दल देते.

जीन्सला सोळा नंबरची सुई घ्यावी की अठरा? (देवगड)

सोळा, आणि 'जीन्स' असं लिहिलेलीच. फारच जाड कापड असेल तर अठरा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत उघड्या पुडीतल्या सुया गंजतात. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि गंजलेली सुई निमूट टाकून द्या. मशीन घरगुती आहे की कारखान्यातलं हे दुकानदाराला सांगून सुई घ्या, कारण दोघांची सुई वेगळी असते.

सुई नेहमी दोन्ही पायांच्या मधल्या शिवणीवरच मोडते. मशीन पुढे सरकतच नाही, म्हणून मी मागून कापड ओढते. सुई हलकी मिळते का? (वेंगुर्ले)

सुईचा दोष नाही, ओढण्याचा आहे. हे मी वर्गात रोज सांगते, तरी पुन्हा सांगते.

तुमची जीन्स उलटी करून बघा. ज्या शिवणीवर दोन समांतर टिपा दिसतात, तिथे कापड एकमेकांत अडकवून दुमडलेलं असतं, म्हणजे एकावर एक चार पदर. मुडप घालताना ते दोनदा दुमडलं की चारचे बारा होतात. साधी शिवण एका बाजूला पाडलेली असेल तर तिथे तीनाचे नऊ होतात. म्हणून एक बाजू कशीबशी पार होते आणि दुसरी अडते.

आता फूटकडे बघा. सपाट कापडावर तो आडवा बसतो. जोड समोर आला की फूटचं नाक वर चढतं आणि टाच खालीच राहते. सगळा दाब टाचेवर जातो, सुईजवळचं कापड नीट दाबलं जात नाही आणि खालच्या दात्यांची पकड सुटते. मशीन चालू, कापड जागच्या जागी, टाका बारीक होत होत एकाच भोकात पडायला लागतो. घाबरून तुम्ही मागून ओढता. सुई कापडात असतानाच कापड मागे जातं, सुई वाकते, प्लेटच्या कडेवर आदळते आणि मोडते. तुकडा चेहऱ्याकडे उडतो. चष्मा नसेल तर जाड जोडावर मशीन चालवू नका, आणि डोळ्यात काही गेल्यासारखं वाटलं तर चोळत न बसता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

उपाय एकच, फूट आडवा ठेवायचा. हम्प जंपर त्यासाठीच असतो. ती प्लास्टिकची चपटी पट्टी असते, तिच्या एका टोकाला सुईसाठी खाच असते. वर्गात एका मुलीने नुकतीच आणलेली जीन्स आम्ही अशी केली. आधी इस्त्री करून जोड फळीवर ठेवला आणि वर फडकं टाकून हातोडीने पाच-सहा वेळा ठोकला. जोड दाबून साधारण सात मिलिमीटर राहिला. टीप जोडावरून सुरू केली नाही, बरीच पुढून, सपाट भागावरून घेतली, म्हणजे फेरी मारून जोड मध्येच येतो. टाक्याची लांबी आधीच वाढवून ठेवली.

फूटचं नाक जरा उचलायला लागलं तिथे थांबलो. सुई कापडात खाली, फूट वर. पट्टी मागच्या बाजूने, खाच सुईकडे करून, टाचेखाली सरकवली आणि फूट खाली घेतला. तो आडवा बसला. मग पायाने नाही, हाताने चाक फिरवत एकेक टाका घेतला, सुई पट्टीला लागत नाही ना हे बघत.

बरेच जण इथवर येतात आणि पट्टी काढून टाकतात. मग दुसरी सुई उतारावर मोडते. जोडाच्या पलीकडच्या कडेला नाक खाली झुकतं आणि टाच उंचावर राहते, म्हणजे तोच तिरकेपणा उलट बाजूने. त्या कडेला पुन्हा सुई खाली ठेवून थांबा, फूट उचला, पट्टी मागून काढून पुढून, खाच सुईकडे ठेवून, नाकाखाली द्या. टाच जोडावरून उतरली की पट्टी काढा. त्या मुलीची मोहरी एकाच सुईत झाली, दुसरा पायही.

फूट पूर्ण वर करूनही जोड खाली जात नसेल, तर मात्र जंपर काही करणार नाही. ती पँट कारखानी मशीन असलेल्या शिंप्याकडे द्या.

हम्प जंपर इथे मिळत नाही. दुकानदार म्हणतो, जीन्ससाठी वेगळं 'हेवी ड्यूटी' मशीनच घ्या. घेऊ का? (गुहागर)

दोन पँटींच्या मुडपीसाठी मशीन विकणारा तुमची सोय बघत नाही. त्याच जीन्सची कापलेली चिंधी घ्या, जोडाच्या उंचीइतकी घडी होईपर्यंत दुमडा आणि टाचेखाली ठेवा. जाड पुठ्ठ्याचे दोन-तीन तुकडे एकत्र चिकटवूनही चालतं, खाच कात्रीने करा. मशीन घ्यायचंच असेल तर आपली जीन्स बरोबर नेऊन दुकानात त्याच्यासमोर जोड शिवून बघा, आणि आधी तुमच्या मेकॅनिकला विचारा.

जोडावर साबण चोळला की सुई मोडत नाही, असं मावशी सांगते. खरं का? (श्रीवर्धन)

अर्धं खरं. कोरडा साबण चोळला तर सुई कापडात सहज घुसते, घर्षण कमी होतं. पण तिरका फूट साबणाने सरळ होत नाही. मेणबत्ती चोळू नका, इस्त्री फिरवली की डाग बसतो.

मोठा टाका घेतला तर टीप लवकर उसवणार नाही का? (दापोली)

मोहरीला नाही उसवत. रोज अडीच मिलिमीटरवर शिवत असाल तर जीन्सला साडेतीन ते चार ठेवा. जुन्या काळ्या मशीनवर इंचाला साधारण सात टाके. जाड जोडावर टाका दिसायला तसाही आखूड होतो, कारण दोरा पदरांमध्ये आत जातो आणि कापड पूर्ण पुढे सरकत नाही. आधीच लहान टाका असेल तर भोकं इतकी जवळ पडतात की कापडच फाटल्यासारखं होतं. लांबी मात्र जोडापुरती बदलू नका, पूर्ण मोहरी एकाच लांबीवर घ्या. आणि हाच टाका बैठकीच्या शिवणीला वापरू नका. तिथे ताण येतो, ते काम अनुभवी शिंप्याला विचारून करा.

महिन्यापूर्वी सुई मोडली, टोक सापडलं नाही. आता मशीन टकटक करतं, दोराही तुटतो. चालेल का अजून? (मालवण)

नाही. आज थांबवा. महिनाभर चालवायलाच नको होतं. टोक शटलच्या आत अडकलं असेल किंवा सुईने प्लेटच्या भोकाची कड खरवडली असेल, म्हणून दोरा तिथे घासून तुटतो. बॉबिन केस काढून ब्रशने साफ करा, प्लेटच्या भोकावरून हलक्या हाताने पातळ मोजा फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथे कड उठलेली आहे. कानस घेऊन स्वतः घासायला बसू नका, शटलची वेळही सरकलेली असू शकते. मेकॅनिककडे मशीन न्याल तेव्हा मोडलेल्या सुईचा उरलेला भाग बरोबर न्या.