दोन कागद, दोन अटी: टॉवेलच्या निर्यातीत कोणाचे चालणार?

प्रश्न: सोलापूरहून जर्मनीला टॉवेल पाठवले. जर्मन कायदा दोघांनाही मान्य आहे. आमच्या इनव्हॉइसवर ‘जबाबदारी फक्त माल बदलून देण्यापुरती’, त्यांच्या ऑर्डरवर ‘संपूर्ण भरपाई’. आता रंग सुटतो म्हणून ते पैसे कापतात. कोणाच्या अटी लागू?

उत्तर: बहुधा दोघांच्याही नाहीत. भारत १९८० च्या व्हिएन्ना विक्री कराराचा सदस्य नसला, तरी जर्मनी आहे, त्यामुळे जर्मन कायद्याची निवड केली की, वेगळे लिहिले नसल्यास, हा करारच लागू होतो. कलम १९ नुसार जबाबदारीची व्याप्ती बदलणारे उत्तर म्हणजे प्रतिप्रस्ताव. ते काटेकोर वाचले तर शेवटचा कागद ज्याचा, त्याची अट टिकते. परंतु माल पाठवून आणि स्वीकारून व्यवहार पार पडला असेल, तर परस्परविरोधी अटी गळतात आणि त्यांच्या जागी कराराचे नियम येतात, या मताकडे जर्मन सर्वोच्च न्यायालय २००२ च्या दूध पावडरीच्या खटल्यात झुकले.

मग कलम ५० प्रमाणे किंमत कमी करता येते, पण मनाला येईल तेवढी नव्हे. समजा, ठरलेली किंमत २०,००० युरो आहे. पोहोचतेवेळी निर्दोष मालाचा बाजारभाव १६,००० आणि तुमच्या मालाचा १२,००० होता. प्रमाण तीन-चतुर्थांश, म्हणून देय १५,०००. कपात ५,००० ची, ४,००० ची नव्हे. भाव पडलेला असताना हा फरक हमखास नजरेतून सुटतो.

त्यांची तक्रार कधी आली, हे मात्र आधी तपासा. दोष कळल्यावर, किंवा कळायला हवा होता तेव्हापासून, वाजवी मुदतीत नेमकी सूचना दिली नसेल, तर कलम ३९ मुळे सहसा हा हक्कच जातो. ‘माल खराब आहे’ एवढा मोघम ईमेल पुरत नाही.