कोळंबीची ‘ॲलर्जी’ आणि मसुरीचं ‘न सोसणं’

‘कोळंबी खाल्ली की उलट्या होतात, अंगावर पित्त उठतं. मसुरीची आमटी खाल्ली की गॅस होतो. दोन्हीला “ॲलर्जी” म्हटलं तर चुकतं का? मराठीत वेगळे शब्द आहेत का?’

पहिल्याला ॲलर्जी म्हणा, दुसऱ्याला म्हणू नका. मसुरीसाठी ‘सोसत नाही’ किंवा ‘मानवत नाही’ एवढं पुरतं. ‘वावडं’ हा छान जुना शब्द आहे, पण तो दोन्हींना चालतो, किंबहुना नावडीलाही चालतो, म्हणून इथे फरक दाखवायला निरुपयोगी. ‘अधिहर्षता’ हा ॲलर्जीचा पारिभाषिक प्रतिशब्द कोशात आहे, बोलण्यात नाही. इंटॉलरन्ससाठी, म्हणजे अशा न सोसण्यासाठी, ‘असहिष्णुता’ लिहितात खरं, पण तो शब्द ऐकून कोणाला आमटी आठवत नाही.

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडवला. ग्रीक ‘अलोस’ म्हणजे वेगळा आणि ‘एर्गॉन’ म्हणजे कार्य. शरीराची बदललेली प्रतिक्रिया, असा त्यांचा अर्थ बराच व्यापक होता. पुढे तो आकसून रोगप्रतिकारशक्तीच्या चुकीच्या प्रतिक्रियेपुरता राहिला. तुमच्या दोन तक्रारींमधली सीमारेषा तीच आहे.

कोळंबीत ट्रोपोमायोसिन नावाचं स्नायूंतलं प्रथिन असतं. ॲलर्जी असलेल्याचं शरीर त्याला शत्रू समजून त्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं आधीच तयार ठेवतं. ती त्वचेत आणि आतड्यात असणाऱ्या मास्ट पेशींवर बसून असतात. पुढचा घास पोटात गेला की त्या पेशी हिस्टामीन नावाचं रसायन सोडतात. त्वचेत ते सुटलं की खाजरे, फुगीर चट्टे येतात. आतड्यात सुटलं की कळ येते, उलटी होते. हे सगळं काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत. प्रमाण अगदी थोडंही पुरतं. शिजवून उपयोग नाही, कारण हे प्रथिन उष्णतेला दाद देत नाही. उलट ते उकळलेल्या पाण्यात उतरतं, म्हणून कोळंबी बाजूला काढून नुसता रस्सा खाल्ला तरी त्रास होऊ शकतो. वर्षानुवर्षं खाल्लेली कोळंबी मोठेपणी अचानक बाधू लागते, तेही याच वाटेने.

मसुरीच्या गॅसमध्ये प्रतिपिंडांचा संबंधच नाही. मसुरीत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा शर्करा असतात. त्या फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, माणसाच्या लहान आतड्यात नसतंच, कोणाच्याच नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. म्हणून त्रास काही तासांनी सुरू होतो आणि प्रमाणावर ठरतो: अर्धी वाटी चालते, दोन वाट्यांना पोट फुगतं. या शर्करा पाण्यात विरघळत असल्यामुळे मसूर भिजवून ते पाणी ओतून टाकलं आणि ताज्या पाण्यात शिजवले, तर त्रास कमी होतो. पाणी टाकण्याचा उपाय इथे चालतो, कोळंबीला चालत नाही. (मसुरीचीही खरी ॲलर्जी असू शकते, पण तेव्हा चट्टे, ओठांची सूज अशी लक्षणं दिसतात, नुसता गॅस नाही.)

तुमच्या वाक्यातल्या एका शब्दाबद्दल मात्र सांगायलाच हवं, तो म्हणजे ‘पित्त’. अंगावर चट्टे आले तरी आपण ‘पित्त उठलं’ म्हणतो, आंबट उलटी झाली तरी ‘पित्त पडलं’ म्हणतो. दोन्ही एकदम झालं की ‘पित्त खवळलं’ म्हणून आम्लपित्ताची गोळी घेऊन झोपायचं, ही चूक त्या शब्दातूनच जन्मते. प्रत्यक्षात चट्ट्यांचा यकृतातल्या पित्ताशी किंवा जठरातल्या आम्लाशी संबंध नाही. आठ वाजता कोळंबी खाल्ली, सव्वाआठला तळहात खाजून चट्टे आले, साडेआठला उलट्या सुरू झाल्या, तर त्वचा आणि पचनसंस्था अशा दोन संस्था एकाच वेळी बिघडल्या आहेत. उलट्या थांबत नसतील तर डॉक्टर याला ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी तीव्र ॲलर्जी, धरतात, श्वास लागला नसला तरी. त्यावर पहिला उपाय मांडीच्या बाहेरच्या स्नायूत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन. खाजेची गोळी चट्टे घालवते, पण श्वास किंवा रक्तदाब सांभाळत नाही. चक्कर आली तर आडवं राहायचं, उठून चालायचं नाही, आणि रुग्णवाहिका बोलवायची. आवाज घोगरा झाला किंवा श्वास अडला तरीही तीच बोलवायची. मात्र धाप लागलेल्याला बसू द्यावं.

डॉक्टरांना सांगताना म्हणून ‘पित्त होतं’ असं म्हणू नका. ‘कोळंबी खाल्ल्यावर इतक्या मिनिटांत खाजरे चट्टे आणि इतक्या उलट्या’ असं सांगा. त्यावरून ते त्वचेला हलकं टोचून करायची प्रिक चाचणी किंवा रक्तातल्या आयजीईची तपासणी ठरवतील. प्रिक चाचणीआधी काही दिवस खाजेच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर ॲलर्जी असूनही चाचणी कोरी येते. कधी बंद करायच्या ते त्यांनाच विचारा. तोवर कोळंबीबरोबर खेकडा आणि शेवंडही बंद, कारण त्यांच्यातलं ट्रोपोमायोसिन जवळजवळ सारखंच असतं.