जुना लॅपटॉप, नवा हट्ट: पिक्सेलचा हिशोब

माझ्या आय-5 8250यू लॅपटॉपवर जीटीए-5 चालवतो. सगळ्या सेटिंग Normal आणि Off वर आणल्या, तरी 19 च्या वर एफपीएस जात नाही. आता अजून काय कमी करू?
*– इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, खारघर*

ज्याला तुम्ही हात लावला नाही, तेच कमी करा. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये रिझोल्यूशन 1920 x 1080 दिसतंय. म्हणजे दर फ्रेमला 20 लाख 73 हजार पिक्सेल रंगवायचे. 1280 x 720 वर हेच काम 9 लाख 21 हजारांवर येतं, निम्म्याहूनही कमी. यूएचडी 620 सारख्या अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच्याच ताटात जेवतं. त्यामुळे पिक्सेल वाढले की चिपच्या आधी रॅमची वाट अडते.

मी तुम्हाला फोनवर 720 करून तोच रस्ता, त्याच गाडीने, पुन्हा चालवून बघायला सांगितलं होतं. तुमचा आकडा आला 32. या दोन आकड्यांत बरंच काही दडलेलं आहे. 19 एफपीएस म्हणजे एका फ्रेमला सुमारे 53 मिलिसेकंद, 32 म्हणजे 31. पिक्सेल 56 टक्के घटले आणि वेळ 22 मिलिसेकंदांनी वाचला. म्हणजे 53 पैकी साधारण 39 मिलिसेकंद पिक्सेलवर जात होते, उरलेले 14 इतर कामांवर. हा उरलेला भाग रिझोल्यूशन कितीही उतरवलं तरी हलत नाही. एखाद्याच्या लॅपटॉपवर 720 करूनही आकडा 19 चा 20 च झाला, तर दोष प्रोसेसरकडे आहे असं समजायचं. तिथे Population Density आणि Distance Scaling खाली आणा, सावल्यांशी झटापट करू नका.

आता 32 वर पोचलात, तर थोडं परतही घ्या. Texture Quality वाढवायला हरकत नाही. त्याने रॅम भरते, पण रॅममध्ये जागा आहे तोवर फ्रेम फारशी पडत नाही. MSAA मात्र Off च राहू दे, अंगभूत ग्राफिक्सला ते परवडत नाही. Grass Quality देखील Normal वरच ठेवा. शहरात मस्त चालणारा गेम डोंगराकडे गेल्यावर अडखळतो, तो बहुतेक वेळा याच गवताने. म्हणून चाचणी शहरात करून समाधान मानू नका, एकदा रानात गाडी घालून बघा.

720 वर गेम पळतो, पण सगळं धुरकट दिसतं. नकाशावरची अक्षरं तर वाचताच येत नाहीत. मधला मार्ग नाही का?
*– वाचक, नेरुळ*

धुरकट दिसणारच. 1080 च्या पडद्यावर 720 चा एक पिक्सेल उभा-आडवा दीड पिक्सेलवर पसरतो. अर्धा पिक्सेल पेटवता येत नाही, म्हणून शेजारचे रंग मिसळावे लागतात. बारीक अक्षरांना हे मिसळणं सगळ्यात जास्त नडतं.

मधला मार्ग आहे, पण वरचं गणित आधी लावून पाहा. खारघरच्या वाचकाच्या लॅपटॉपवर 1600 x 900 ठेवलं तर पिक्सेल 69 टक्के उरतात. 39 चे झाले 27, त्यात 14 मिळवले की 41 मिलिसेकंद, म्हणजे 24 एफपीएस. 1366 x 768 वर तेच 34 मिलिसेकंदांवर येतं, जवळजवळ 29. एवढ्या फरकासाठी मी तरी 768 घेईन. तुमच्या आकड्यांवर हाच हिशोब करा, वेळ पाच मिनिटं लागतो.

याहून चांगली सोय गेममध्येच असते: Resolution Scale किंवा Render Scale. पडद्याचं रिझोल्यूशन 1080 च ठेवायचं आणि स्केल 70 टक्क्यांवर आणायचं. बहुतेक गेममध्ये मग फक्त त्रिमिती चित्र लहान आकारात रंगवलं जातं, नकाशा आणि अक्षरं मूळ रिझोल्यूशनवर काढली जातात. मात्र 70 टक्के लांबीला आणि 70 टक्के रुंदीला, म्हणजे पिक्सेल उरतात 49 टक्के. पुष्कळ जण ‘फक्त तीस टक्केच कमी केलं’ म्हणतात आणि चित्र इतकं का बिघडलं म्हणून बुचकळ्यात पडतात.

मुलाच्या लॅपटॉपवर गेम पहिली दहा मिनिटं छान चालतो, मग रडायला लागतो. दुकानदार म्हणतो नवीनच घ्या. खरंच घ्यावा का?
*– नौपाड्यातील एक आई*

आत्ताच नको, ताई. दहा मिनिटांनंतर बिघडणारी गोष्ट सेटिंगची नसते, उष्णतेची असते. अशा चिपला साधारण 15 वॉटचाच खुराक असतो आणि तो प्रोसेसर व ग्राफिक्स दोघांत वाटला जातो. सुरुवातीला थोडा वेळ ती जास्तही खाते, मग तापते आणि दोघांचंही पोट आवळलं जातं. मे महिन्यात ठाण्याच्या घरात, गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपला तर हवेचं तोंडच बंद असतं.

खात्री करून घ्या. गेम अडखळत असताना Task Manager उघडा, Performance मध्ये CPU वर जा. तिथे Base speed आणि Speed असे दोन आकडे दिसतील. Speed जर Base speed च्याही खाली आला असेल, तर उष्णता किंवा वीज अपुरी पडतेय. मग मुलाला फ्रेम रेटची मर्यादा 30 वर बांधायला सांगा. 45, 28, 40 असे हेलकावे खाण्यापेक्षा स्थिर 30 डोळ्याला बरं वाटतं, आणि चिपला प्रत्येक फ्रेमनंतर श्वास घ्यायला वेळ मिळतो. लॅपटॉप कडक टेबलावर ठेवा, पंख्यातली धूळ काढून घ्या.

चार्जर बदललाय का, तेही विचारा. मी एकदा ठाणे स्टेशनजवळून स्वस्तातला चार्जर आणला. चार्जिंग व्यवस्थित होई, पण लॅपटॉपला तो ओळखताच येईना आणि प्रोसेसर 0.8 गिगाहर्ट्झवर अडकून बसे. दोन दिवस मी गेमच्या सावल्या बंद करत बसलो होतो.

बायोसमधून ग्राफिक्सची मेमरी 128 वरून 512 एमबी केली, फरक शून्य. आठ जीबी रॅम आहे.
*– वाचक, ऐरोली*

फरक पडणार नव्हताच. त्याने फक्त राखीव जागा वाढते. एरवीही विंडोज गरजेप्रमाणे रॅमचा जवळजवळ अर्धा भाग ग्राफिक्सला वापरू देते. काही हट्टी गेम कमी मेमरी पाहून सुरूच होत नाहीत, त्यांच्यासाठी तेवढा बदल कामाचा.

तुमच्याकडे जागेपेक्षा वेगाची अडचण असेल. Task Manager मध्ये Memory वर जाऊन Slots used पाहा. 1 of 2 दिसलं, तर त्याच वेगाची आणखी एक आठ जीबीची स्टिक टाका. 2400 ची डीडीआर4 एका स्टिकवर सेकंदाला जास्तीत जास्त 19.2 जीबी वाहते, दोन वाटांवर 38.4. वर ज्या 39 मिलिसेकंदांचा हिशोब केला, ते याने उतरतात, आणि खारघरवाल्याला 900 रिझोल्यूशन कदाचित पेलवेल. एफपीएस दुप्पट मात्र होणार नाही, चिप तीच राहते. घेण्याआधी मागचं झाकण उघडून बघा किंवा मॉडेल नंबरवरून तपासा. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग दिलेली असते, आणि Slots used चा आकडा तिथे कधीकधी फसवतो.