आवाज आला की आली?

प्रश्न: हिंदीतून छोटी वाक्यं मराठीत करताना माझ्याकडून ‘आवाज आली’ असं का होतं?

हिंदीत ‘आवाज़’ स्त्रीलिंगी, मराठीत ‘आवाज’ पुल्लिंगी, म्हणून. ‘बाहर से किसी की आवाज़ आई’ याचं ‘बाहेरून कोणाचा तरी आवाज आला’ व्हायला हवं. बहुतेक जण क्रियापद सुधारतात आणि ‘कोणाची’ तसंच राहून जातं. कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या नोटिशीत मीच ‘लिफ्टची आवाज येतो’ लिहून बसलो होतो!

‘व्यक्ती’चं उलट आहे. हिंदीत ‘अच्छा व्यक्ति आया’, मराठीत मात्र आलेला पुरुष असला तरी ‘चांगली व्यक्ती आली’.

शंका आली तर नामाआधी माझा, माझी, माझं लावून मोठ्यानं म्हणा. ‘माझी आवाज’ कानाला लगेच खटकतं. मग त्या नामाला जोडलेला प्रत्येक शब्द बघा, नुसतं क्रियापद नाही.